दोन हजार साठ की दोन हजार?

भवानीनगर, शिवनगर, सोमेश्वरनगर या पट्ट्यात गाळप सुरू झाले की कारखान्यांच्या स्टोअरला बारदानाच्या गाड्या लागतात. साखर पोत्यात पडत असते, गोडाऊन भरत असते आणि एखाद्या गाठीतली पोती भरताना तळातून उसवतात. मग हिशेब खात्यातून पुरवठादाराला डेबिट नोट जाते. या अंकात आम्ही त्या नोटेचाच मजकूर तपासायला घेतला आहे. दाखला कोणा एका कारखान्याचा नाही आणि आकडे सोयीसाठी धरले आहेत, पण मजकूर आपल्यापैकी अनेकांच्या फाइलमध्ये सापडेल असा आहे:

‘आपण पाठविलेल्या बारदानातील 4 गाठी निकृष्ट निघाल्या, तसेच माल कमी आला. सबब 2,060 पोती व पुनर्भरणी खर्च मिळून रु. 49,516 आपल्या नावे टाकले आहेत.’

आता मागची हकीकत पाहू. ऑर्डर 50 किलोच्या 20,000 पीपी पोत्यांची, पोच दर 20 रुपये, जीएसटी 18 टक्के. 2 डिसेंबरला 500 पोत्यांची एक अशा 40 गाठी उतरल्या. गेटवर गाठी मोजल्या. पोती कोणी मोजत नाही, मोजणे शक्यही नसते. 10 डिसेंबरला 17 क्रमांकाची गाठ फुटली आणि भरताना त्यातली पोती उसवू लागली. काम थांबेपर्यंत 150 पोती गेली. 17 ते 20 या चार गाठींवर वेगळा लॉट नंबर होता. त्या उघडून मोजल्या, तेव्हा 17 आणि 19 मध्ये प्रत्येकी 30 पोती कमी भरली.

नोट लिहिणाऱ्याने चार गाठी गुणिले 500 म्हणून 2,000 पोती नाकारलेली धरली आणि कमी आलेली 60 त्यावर चढवली. पण ही 60 त्याच चार गाठींतली. जी पोती आलीच नाहीत ती नाकारणार कशी? चार गाठींत प्रत्यक्षात 1,940 पोती होती, म्हणजे वजावट 2,000 पोत्यांचीच बसते. फरक करासह 1,416 रुपयांचा. रक्कम किरकोळ आहे, पण पुरवठादाराच्या माणसाला एवढी एक चूक पुरते. ‘आकडे जुळत नाहीत, खुलासा करावा’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि उरलेले 48,000 हंगाम संपेपर्यंत लोंबकळतात.

म्हणून नोट पुन्हा लिहिताना आधी संख्या फोडायची. कमी आलेली 60, न वापरता नाकारलेली 1,790, भरताना उसवलेली 150, बेरीज 2,000. ही फोड केवळ टापटिपीसाठी नाही. परत नेताना गेट पासवर 1,790 न वापरलेली आणि 150 फाटकी असेच लिहिले जाणार आहे. नोटेवर 2,000 आणि गेट पासवर 1,940 दिसले की वाद पुन्हा उभा राहतो. शिवाय भरलेले पोते ‘नाकारले’ म्हणणे कायद्यातही अवघड जाते. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 42 प्रमाणे मालकासारखा वापर केला की माल स्वीकारला असे धरता येते. मग मागणी कलम 59 खाली, म्हणजे दोषापोटी किंमत कमी करण्याची. तेव्हा या 150 ना ‘वापरात उसवलेली, किंमत वजा’ अशी स्वतंत्र ओळ द्यावी.

दुसरे, दोष. ‘निकृष्ट’ हा शब्द डेबिट नोटेत काहीच सांगत नाही. सांगायचे ते असे: ऑर्डरमध्ये काय ठरले होते, आले काय, ते कोणत्या गाठींत दिसले आणि कसे पाहिले. कारण लिहायच्या फंदात पडू नये. ‘धागा कमजोर असल्याने’ असे लिहिले की पुरवठादार धाग्याचा चाचणी अहवाल पाठवतो आणि शिलाई बाजूला राहते. आपल्याला दिसली ती शिलाई, तेवढीच लिहावी.

नवा मजकूर असा होतो:

‘ऑर्डरप्रमाणे पोत्याच्या तळाला दुमड व शिलाईच्या दोन ओळी हव्या होत्या. गाठ क्र. 17 ते 20 मधील सर्व पोत्यांना एकच ओळ आहे. या गाठी 11 डिसेंबर रोजी सोडून मोजल्या. तपासणी अहवाल व फोटो सोबत आहेत. गाठ क्र. 17 व 19 मध्ये प्रत्येकी 30 पोती कमी. कमी आलेली 60, नाकारलेली 1,790, भरताना उसवलेली 150. एकूण 2,000 पोती, दर रु. 20 प्रमाणे रु. 40,000. सीजीएसटी 9 टक्के रु. 3,600, एसजीएसटी 9 टक्के रु. 3,600. एकूण वजावट रु. 47,200. याच रकमेची क्रेडिट नोट आपल्या बिल क्रमांकाचा उल्लेख करून द्यावी. आमचे आक्षेपाचे ईमेल दि. 12 डिसेंबर.’

पुनर्भरणीच्या मजुरीचे 900 रुपये यात नाहीत. ती मालाची किंमत नाही, नुकसानभरपाई आहे. ऑर्डरमध्ये तशी अट असेल तर तिचा क्रमांक टाकून वेगळे पत्र द्यावे. नसेल, तर पुरवठादार हरकत घेणारच, आणि 900 साठी 47,200 अडकवून ठेवण्यात शहाणपण नाही असे आमचे मत आहे.

क्रेडिट नोटेची मागणी त्याच मजकुरात का? कारण जीएसटीच्या हिशेबात आपली डेबिट नोट पुरवठादाराचा कर कमी करत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम 34 प्रमाणे माल परत आला किंवा सदोष निघाला, तर क्रेडिट नोट काढायची ती पुरवठादाराने, आणि करात तिचा फायदा त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, जे आधी येईल तोवरच. आपण घेतलेले 7,200 चे क्रेडिट आपल्यालाही उलटवावे लागते. दोन्हीकडे मूळ किंमत आणि कर वेगळे दिसले नाहीत तर मेळ बसत नाही. जुन्या नोटेतल्या 49,516 मधून कर किती आणि मजुरी किती हे त्याने ओळखायचे तरी कसे?

शेवटचा मुद्दा तारखेचा, आणि इथे स्टोअरची गफलत हिशेब खात्याला भोवते. बारदानाचे बरेच पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतात. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी आक्षेप नसेल तर माल पोचल्या दिवशीच स्वीकारला असे धरतात. पैसे देण्याची मुदत, करार असला तरी कमाल 45 दिवस, तिथूनच मोजली जाते. मुदत टळली की बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. आपल्या दाखल्यात ही 15 दिवसांची मुदत 17 डिसेंबरला संपते. जुनी नोट 29 डिसेंबरची होती आणि तिच्याआधी लेखी काहीच गेले नव्हते, सगळे फोनवर. वजावटीचा हक्क त्याने बुडत नाही, पण मुदतीचे घड्याळ 2 डिसेंबरपासूनच चालू राहते. म्हणून गाठी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरने चार ओळींचे ईमेल पाठवावे, रक्कम ठरलेली नसली तरी चालेल. डेबिट नोट हिशेब खात्याने सावकाश काढावी आणि त्या ईमेलची तारीख तीत लिहावी, नव्या मजकुरात ते 12 डिसेंबरला गेले असे धरून लिहिली आहे तशी.