तमिळ पळी, अमेरिकन कप आणि आपल्या दवाखान्यातली पुस्तिका

मंडळी, आज राजकारण नाही. आज एका भाषांतराबद्दल लिहितोय, तेही तमिळ भाषांतराबद्दल. 'आपला काय संबंध' म्हणून पुढे जाऊ नका, संबंध आहे.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला माझ्या वर्गात एक मित्र होता. धारावीत वाढलेला, घरात तमिळ, मूळ गाव तिरुनेलवेलीच्या बाजूचं. मराठी माझ्यापेक्षा चांगली शिव्यांसकट बोलतो. हल्ली तो भाषांतराची कामं करतो. मध्यंतरी त्याच्याकडे मधुमेहाच्या रुग्णांसाठीची एक इंग्रजी पुस्तिका आली, मूळ अमेरिकन वळणाची. तमिळ करून द्यायची होती, पैसे शब्दामागे. चार दिवसांचं काम. चार दिवसांत त्याने केलंही. मग हुशारी ही केली की, पाठवण्याआधी ती गावाकडच्या आत्याला वाचायला दिली. (तमिळमध्ये आत्याला अत्तै म्हणतात.) आत्यांना बारा वर्षं शुगर. वाचता येतं, स्वयंपाक स्वतः करतात, आणि स्पष्ट बोलतात.

पहिल्याच पानावर गाडी अडली. तमिळमध्ये बोलताना मधुमेहाला 'सक्करै' म्हणतात. रक्तातली साखर तीही सक्करै. खायची साखर तीही सक्करै. त्यामुळे 'सक्करै कमी झाली तर लगेच सक्करै खा' असं वाक्य तयार झालं होतं. व्याकरण चोख, अर्थाचा गोंधळ. आपल्याकडे हा घोळ इंग्रजीने परस्पर मिटवलाय. आपण 'मला शुगर आहे' म्हणतो आणि डब्यात साखर ठेवतो. तमिळमध्ये पुस्तकी शब्द आहे, नीरिळिवु, पण तो छापलेल्या कागदावरच भेटतो. शेवटी उपाय आत्यांच्या बोलण्यातच सापडला. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत पांढऱ्या साखरेला 'सीनी' म्हणतात. मग ठरलं, आजार आणि रक्तातलं प्रमाण म्हणजे सक्करै, चमच्याने घ्यायची ती सीनी.

पण सोपा शब्द सापडला की काम संपत नाही. पुस्तिकेत 'सीनी टाळा' एवढंच असतं तर आत्या खूशच झाल्या असत्या. त्या सीनी घेतच नव्हत्या. त्या करुप्पट्टी घालून कॉफी घेत होत्या, म्हणजे ताडाचा गूळ, दिवसातून तीनदा. तो 'नैसर्गिक' आणि 'थंड', म्हणून चालतो असा सगळ्या गावाचा समज. (आपल्याकडे गुळाच्या चहाचं जे चाललंय तेच.) रक्तातली साखर करुप्पट्टीनेही वाढते. म्हणून तमिळ पुस्तिकेत सीनी, गूळ, करुप्पट्टी, मध ही सगळी नावं एकेक करून लिहावी लागली. मूळ इंग्रजीत तिथे एकच शब्द होता.

आता खरी गंमत, म्हणजे भात.

इंग्रजी पुस्तिकेत लिहिलं होतं: शिजवलेला भात, एक तृतीयांश कप, म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक 'वाटा'. अमेरिकेत हे ठीक आहे. तिथे घरोघरी मोजायचे कप असतात, एक कप साधारण २४० मिलिलिटरचा. तिरुनेलवेलीच्या घरात कप म्हणजे चहाचा. आणि भात कुणी कपाने घेतच नाही. आत्यांनी विचारलं, "हा कप कुठला? आणि त्याचा तिसरा हिस्सा कोण करणार, मी की तुझा काका?"

मित्राने भाषांतर बाजूला ठेवलं आणि तिथल्याच एका आहारतज्ज्ञ बाईंना गाठलं. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली: तुमच्याकडे पानात भात किती वेळा येतो? तीनदा. आधी सांबारभात, मग रसमभात, शेवटी ताकभात. प्रत्येक वेळी पळीने वाढतात. मग आत्यांच्या घरची भाताची पळी किराणा दुकानातल्या काट्यावर गेली. एक पळी भरते साधारण ७० ग्रॅम शिजवलेल्या भाताची. शिजलेल्या भातात १०० ग्रॅममागे कर्बोदकं साधारण २८ ग्रॅम. म्हणजे पळीमागे जवळपास २० ग्रॅम.

आत्या प्रत्येक फेरीला दोन पळ्या घेत होत्या. तीन फेऱ्या, सहा पळ्या, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भात आणि १२० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. अमेरिकन हिशेबात आठ वाटे. त्यांना एका जेवणाला चार वाटे सांगितले होते. चार वाटे म्हणजे ६० ग्रॅम, म्हणजे तीन पळ्या.

आता बघा, तीन फेऱ्या आणि तीन पळ्या. पुस्तिकेत वाक्य आलं: 'सांबारला एक पळी, रसमला एक पळी, ताकाला एक पळी. पोट भरायला भाजी दुप्पट.' कप गेला, अपूर्णांक गेला, ग्रॅम गेले. आत्यांचं ताटही मोडलं नाही. रसम सोडा किंवा ताकभात बंद करा असं सांगितलं असतं तर त्यांनी पुस्तिकाच बंद केली असती.

पण एक चोरवाट राहिली होती. रात्री आत्या भात खातच नव्हत्या, म्हणून त्या अगदी निर्धास्त होत्या. रात्री त्या 'टिफिन' घ्यायच्या. तमिळ घरात टिफिन म्हणजे डबा नव्हे, इडली-डोशासारखं खाणं. जेवण वेगळं, टिफिन वेगळं. इंग्रजीत 'राइस' म्हटलं की धान्यही आलं आणि शिजवलेला भातही आला. तमिळमध्ये तांदूळ म्हणजे अरिसी आणि भात म्हणजे सोरु. भाषांतरात 'राइस कमी करा'चं 'सोरु कमी करा' झालं की इडली अलगद निसटते, कारण इडली हे सोरु नाही. इडलीच्या पिठात उडदाच्या तिप्पट-चौपट तांदूळ असतो, हे इडली करणाऱ्या बाईला माहीत नसतं असं थोडंच आहे? माहीत असतं. पण 'भात बंद' हा हुकूम तिथवर पोचत नाही. घरची साधारण ४० ग्रॅमची इडली म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. आत्या रात्री सहा खात होत्या. सहा इडल्या म्हणजे ६० ग्रॅम, म्हणजे दुपारच्या त्याच तीन पळ्या भात. हे त्यांना काट्यावर दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, असं मित्र सांगतो. हॉटेलची इडली मोठी असते, तिचा हिशेब आणखी वेगळा.

तेलाचं प्रकरण तर धोकादायकच होतं. टीस्पूनला तमिळ पाककृतींत शब्द आहे 'तेक्करंडी', आणि टेबलस्पूनला 'मेसैक्करंडी'. पण नुसती करंडी म्हणजे तमिळ स्वयंपाकघरात पळी, डाव. (आपल्या करंडीशी संबंध नाही.) 'दिवसाला तीन तेक्करंडी तेल' हे वाचून आत्यांनी हात केला तो थेट पळीकडे. तीन टीस्पून म्हणजे १५ मिलिलिटर. त्यांच्या आमटीच्या खोल पळीत मावतं ६०, तीन पळ्या म्हणजे १८०. आहारतज्ज्ञ बाईंनी चमचा काढूनच टाकला आणि लिहिलं: महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल, चार माणसांच्या घरात दोन लिटर, त्यापेक्षा जास्त पिशव्या आणू नका. तेल घरात येतं ते पिशवीने, मग माप दुकानातच लावलेलं बरं.

कुणी म्हणेल, तमिळ तर सिंगापूरचीही अधिकृत भाषा आहे, तिथलीच तयार पुस्तिका का नाही घेतली? हे मीही विचारलं. मित्र म्हणाला, तिथे रक्तातली साखर वेगळ्या एककात मोजतात. तिथला ७ म्हणजे आपल्याकडचा १२६, मध्ये १८ ने गुणावं लागतं. आपल्या यंत्रावर १२६ बघणाऱ्या माणसाने '७ च्या आत ठेवा' वाचलं तर तो दवाखान्यात धावेल, नाहीतर यंत्र फेकून देईल. भाषा एक असली म्हणून माप एक नसतं.

या पळीच्या मापालाही मर्यादा आहेत, हेही सांगतो. शेजारच्या घरातली पळी मोठी असू शकते. म्हणून पुस्तिकेत पळीचं चित्र खऱ्या आकारात छापायला सांगितलंय आणि खाली लिहिलंय की, भरलेली पळी एकदा दुकानात वजन करून घ्या. आणि खाण्याच्या हिशेबाने इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्यांना पळी पुरत नाही, त्यांना काटाच लागतो. हे आकडे त्या एका घरातले आहेत. वाचून कुणी स्वतःची गोळी किंवा इन्सुलिन बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

आता आपल्याकडे येतो. आपल्या भागातल्या एका दवाखान्यात मराठी पुस्तिका वाटतात, नाव घेत नाही. तिच्यातही 'एक तृतीयांश कप भात' आहे. नाश्त्याला ओट आहेत. भाकरी 'एक मध्यम' आहे. मध्यम म्हणजे कुणाच्या हाताची? परातीएवढी थापणारी बाई आणि बशीएवढी थापणारी बाई, दोघी आपापली भाकरी मध्यमच समजतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे तपासणीच्या पानावर 'उपवास करून रक्त द्यावे' असं छापलंय. 'उपाशीपोटी' हा सरळ मराठी शब्द असताना! उपवास म्हटल्यावर आपल्याकडे माणूस सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन रांगेत येऊन उभा राहणार, आणि तंत्रज्ञ त्याच्यावर ओरडणार. तमिळ मसुद्यातही पहिल्यांदा 'विरदम' म्हणजे व्रत असाच शब्द पडला होता. आत्यांनी विचारलं, "दूध चालेल ना?" मग तिथे 'रिकाम्या पोटी, फक्त पाणी' असं केलं.

माझं म्हणणं एवढंच की असल्या कामाचे पैसे शब्दामागे देणं बंद करा. शब्दामागे पैसे दिले की शब्दच मिळतात. मित्राला आत्यांच्या घरी गेलेल्या दिवसांचे पैसे कुणी दिले नाहीत, आहारतज्ज्ञ बाईंनीही फुकट वेळ दिला. आपल्याकडे पुस्तिका छापायला पैसे असतात, रंगीत मुखपृष्ठाला असतात, उद्घाटनाच्या नारळालाही असतात. पाच घरांत जाऊन पाच भाकऱ्या वजन करायला नसतात.

पुढच्या आठवड्यात मी ही मराठी पुस्तिका घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणार आहे. तुमच्या तालुक्यात अशी पुस्तिका वाटत असतील तर तिच्यातल्या जेवणाच्या पानाचा फोटो मला पाठवा. सोबत तुमच्या घरच्या एका भाकरीचं वजन लिहा, ज्वारीची की बाजरीची तेही सांगा. कोकणातल्या मंडळींनी तांदळाच्या भाकरीचं द्या. दुकानदार हसला तर हसू द्या.