आधी गालिच्याची पाठ दाखवा

ग्रुपवर गालिच्याचा फोटो पडला की पाच मिनिटांत निकाल लागतो. लाल जमीन, अष्टकोनी 'हत्तीचं पाऊल' दिसलं की कुणीतरी लिहितो, "सर, अस्सल बुखारा!" माझं भांडण या सवयीशी आहे.

मुळात बुखारा ही विणकरांची नव्हे, बाजारपेठेची ओळख. तुर्कमेन टोळ्यांनी विणलेला माल तिथे विकला जाई, म्हणून ते नाव चिकटलं. तीच नक्षी गेली कित्येक दशकं पाकिस्तानात विणली जाते, आपल्या भदोहीतही विणली जाते. नक्षी कागदावर उतरवून कुठेही नेता येते. येरवड्याच्या तुरुंगात कैदीसुद्धा पर्शियन वळणाचे गालिचे विणत. म्हणून नक्षीवरून गाव सांगणं म्हणजे युनिफॉर्मच्या रंगावरून रेजिमेंट सांगणं.

रंगाचंही तेच. ट्यूबलाइटखाली मंजिष्ठेचा लाल आणि रासायनिक लाल फोनला सारखेच दिसतात. शेजारी पांढरा कागद ठेवून दिवसाउजेडी फोटो काढला, तरी फार तर रंगाचा अंदाज येतो, गावाचा नाही.

सरोजिनी नगरमधल्या एका निवृत्त साहेबांना 'शंभर वर्षांचा तुर्कमेन बुखारा' देऊ केला होता. फोटो समोरून काढलेला. मी आणखी दोन मागवले: झालरीचा जवळून, आणि पाठीचा, शेजारी फूटपट्टी ठेवून.

झालर म्हणजे ताण्याचीच टोकं. जुने तुर्कमेन विणकर ताणा लोकरीचा किंवा बकरीच्या केसांचा घालत; तो पिवळसर किंवा करडा आणि किंचित केसाळ दिसतो. इथे झालर पांढऱ्या सुताची, गुळगुळीत होती. शंभर वर्षांचा दावा तिथेच डळमळला. (झालर वरून शिवलेली निघाली, तर तीही पुरावा ठरत नाही, ताणा मग पाठीवर, कडेला पाहायचा.)

पाठीवर एका इंचात आडव्या वीस गुठळ्या दिसत होत्या. विक्रेत्याने त्या वीस गाठी म्हणून सांगितल्या. पण ताणा एका पातळीत असला की प्रत्येक गाठ पाठीवर दोन गुठळ्या दाखवते. म्हणजे गाठी दहाच. गाठ तुर्की की पर्शियन, हे पाठीवरून खात्रीने कळत नाही. त्यासाठी लव दुमडून तिच्या मुळाशी पाहावं लागतं.

मग गालिचा कुठला? जुना तुर्कमेन नव्हे, एवढंच फोटो सांगतो. पाकिस्तान की भदोही, हे तो सांगत नाही, आणि मीही सांगितलं नाही. साहेबांनी सौदा मोडला.

राग याचा, की भदोहीच्या कारागिराला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी त्याच्याच राज्यात बसून आपण त्याच्या हातच्या कामाला परक्या बाजाराचं नाव देतो आणि त्या नावाचे पैसे मधल्या माणसाला मोजतो.

तेव्हा मंडळी, पुढचा फोटो पाठीचा टाका. नुसत्या समोरच्या फोटोवर मी मत देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका.