दुरुस्त निबंधासोबतची चिठ्ठी

निबंध दुरुस्त करून पुन्हा गुरुजींच्या हाती देताना त्यासोबत एक चिठ्ठी जोडण्याची रीत आमच्या वर्गात आहे. बहुतेक जण तीत एकच ओळ लिहितात : ‘आपण दाखविलेल्या सर्व चुका सुधारल्या आहेत.’ गतवर्षी आम्हीही तेच केले. गुरुजींनी निबंध न उघडताच परत केला आणि म्हणाले, “अरे, काय सुधारले ते शोधण्यासाठी मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून बसावे काय?” तेव्हा राग आला होता. आता मात्र आमचे मत असे झाले आहे की, इतिहासाच्या निबंधात ही चिठ्ठी निबंधाइतक्याच कसोशीने लिहावी लागते.

आमच्या निबंधाचा विषय ‘आदिलाबाद जिल्ह्याची सीमा’ हा होता. पहिल्या प्रतीत आम्ही लिहिले होते : ‘१९५६ साली फाजल अली आयोगाच्या शिफारशीनुसार किनवट व राजुरा हे तालुके महाराष्ट्रात गेले.’ वाक्य ऐकावयास गोड, परंतु त्यात दोन चुका आहेत. १९५६ साली महाराष्ट्र राज्यच नव्हते. ते १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेले. त्यांतील राजुरा आधी नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ साली तेथून चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला.

दुसरी चूक अधिक खोल होती. आयोगाने १९५५ च्या अहवालात आदिलाबाद जिल्हा न तोडता उर्वरित हैदराबाद राज्यात ठेवावा असे सुचविले होते. जिल्हा तोडला तो संसदेने केलेल्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने. त्याच कायद्याने नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले, म्हणजे तालुक्याहून लहान असे महसुली भाग, उलट दिशेने आंध्र प्रदेशाकडे आली आणि आदिलाबाद जिल्ह्यात सामील झाली. २०१६ पासून तो भाग निर्मल जिल्ह्यात आहे. म्हणजे केवळ नाव बदलून भागले नाही. घडविणारा कोण हेच बदलले, आणि ‘आयोगाने आपणांस विभागले’ हा आमचा सगळा शेवटचा परिच्छेद कोसळला. तो आम्ही काढून टाकला. चिठ्ठीत आम्ही हे असे मांडले : ‘पृष्ठ २ : “महाराष्ट्रात” ऐवजी “मुंबई राज्यात”. कारण, महाराष्ट्र १९६० चा. पृष्ठ ३ : “आयोगाच्या शिफारशीनुसार” हे शब्द गाळले. कारण, शिफारस याच्या उलट होती. त्यावर उभा असलेला शेवटचा परिच्छेद रद्द.’ शब्दाची चूक सुधारली की तिच्या आधारावर उभे असलेले पुढचे वाक्य शोधावे लागते. ते चिठ्ठीत दिसले, म्हणजे दुरुस्ती खरी झाली असे समजावे.

आणखी एक ठिकाण होते. भैंसा भागात वाढलेल्या आमच्या आजोबांच्या सांगण्यावरून आम्ही लिहिले होते, ‘सीमा ठरविताना कोणासही विचारले गेले नाही.’ गुरुजींनी समासात लिहिले : ‘आधार? नसल्यास गाळावे.’ आधार शोधू गेलो तो निराळेच निघाले. आयोगाकडे दीड लाखाहून अधिक लेखी निवेदने आली होती आणि नऊ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती त्याने घेतल्या होत्या. शिवाय आजोबा त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते. साऱ्या गावाविषयी त्यांनी ग्वाही द्यावी कशी? तरीही ते वाक्य गाळण्यास आमचे मन तयार होईना. सीमा बदलल्यावर शेताच्या कागदांसाठी वडिलांना नांदेडऐवजी आदिलाबादची वाट धरावी लागली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणून आम्ही लिहिले, ‘आमच्या घरी कोणी विचारावयास आल्याचे आजोबांना आठवत नाही,’ आणि पुढे आयोगाचे आकडे दिले. चिठ्ठीत स्पष्ट नोंदविले : ‘पृष्ठ ४ : आपली सूचना पूर्णतः पाळलेली नाही. विधान आठवणीपुरते आकुंचित करून ठेवले आहे.’

हे लिहिताना हात थरथरला, हे कबूल केले पाहिजे. गुरुजींची सूचना मानली नाही असे त्यांनाच लेखी कळवावयाचे! आमच्या एका मित्राच्या मते अशी बाब चिठ्ठीत न सांगणेच शहाणपणाचे. गुरुजींच्या ध्यानात आली तर पाहता येईल. आम्हांस हे पटत नाही. न बदललेली जागा झाकली, तर बदललेल्या जागांवरही विश्वास कोणी ठेवावा?

गुरुजींनी या खेपेस निबंधाची तीनच पृष्ठे उघडली : दुसरे, तिसरे व चौथे. चौथ्यावर ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी समासातील आपली जुनी सूचना खोडली आणि खाली नवी लिहिली : ‘बोथ तालुक्यातील इस्लापूर हे एकच सर्कल मुंबई राज्यास का दिले?’ आमची तिसरी प्रत अद्याप चालू आहे.