योगायोगाने अडवावं, सोडवू नये

मागच्या वर्षी एका आंतरशालेय कथास्पर्धेत मी परीक्षक होतो. आम्ही तिघे होतो. पहिलं बक्षीस ज्या कथेला मिळालं, तिला मी तिसरंही द्यायला तयार नव्हतो. दोन विरुद्ध एक असा निकाल लागला आणि मी गप्प बसलो. तेव्हा गप्प बसलो म्हणून आता लिहितो आहे.

कथा नववीतल्या मुलीची होती. नायिकेचे अब्बा यंत्रमागावर कामाला. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस, आणि त्याच दुपारी मोहल्ल्याची वीज जाते. सायबर कॅफे बंद. मुलगी रडत घरी निघते. वाटेत चक्कर येऊन पडलेल्या एका म्हाताऱ्याला ती पाणी देते. म्हातारा नेमका शिक्षण खात्यातला मोठा साहेब निघतो. तो गाडीतूनच फोन लावतो, अर्ज भरला जातो, सगळे खूश.

"सर, किती छान संदेश आहे! नेकीचं फळ मिळतं," असं सोबतच्या परीक्षक बाई म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, अर्ज मुलीने कुठे भरला? अर्ज त्या म्हाताऱ्याच्या चकरेने भरला."

त्या कथेत दोन योगायोग आहेत. वीज नेमकी त्याच दुपारी जाणं हा पहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट कथा तिथेच सुरू होते. साहेबाने नेमकं तिच्याच वाटेवर कोसळणं हा दुसरा, आणि माझं भांडण फक्त त्याच्याशी आहे. पिक्सार स्टुडिओत काम केलेल्या एमा कोट्स यांनी २०११ साली कथालेखनाबद्दल काही सूत्रं मांडली. त्यांतलं एक नेमकं हेच आहे: योगायोगाने पात्र संकटात सापडलं तर उत्तम, योगायोगाने सुटलं तर ती फसवणूक.

यावर हमखास उत्तर येतं, "आयुष्यात असं घडतंच की!" घडतं. पण वाचक घटना शक्य आहे की नाही एवढंच तपासत नाही. त्या घटनेचा फायदा कोणाला झाला, हेही तो बघतो. कथेतला योगायोग लेखक घडवतो. तो नायकाच्या विरोधात गेला, तर लेखकाने काम स्वतःसाठी अवघड करून घेतलं. नायकाच्या बाजूने गेला, तर लेखकाने स्वतःची सुटका करून घेतली. दुसऱ्या वेळी वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

बिमल रॉय यांचा १९५३चा 'दो बीघा ज़मीन' आठवा. शंभू शेतकरी. पासष्ट रुपयांचं कर्ज जमीनदाराच्या वहीत दोनशे पस्तीस होतं, आणि ते फेडायला कोर्ट तीन महिने देतं. शंभू मुलाला घेऊन कलकत्त्याला जातो, रिक्षा ओढतो, पैसा पैसा साठवतो. मग जास्त पैशांच्या आशेने शर्यतीसारखा धावत असताना रिक्षाचं चाक निखळतं आणि तो जखमी होतो. नवऱ्याच्या शोधात पार्वती शहरात येते, एका नराधमाच्या तावडीतून पळताना मोटारीखाली सापडते. लोक तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावतात. ती रिक्षा शंभूची असते.

लाखोंच्या शहरात नेमकी त्याचीच रिक्षा! हा योगायोग त्या म्हाताऱ्या साहेबापेक्षा लहान नाही. तरी थिएटरात कोणी हसत नाही, कारण या भेटीने शंभूला काही मिळत नाही. साठवलेले पैसे बायकोच्या उपचारात जातात आणि जमीनही जाते. आता कल्पना करा, पार्वतीऐवजी त्या रिक्षात एखादा दयाळू शेठ बसला असता आणि त्याने दोनशे पस्तीस रुपये हातावर ठेवले असते. शक्यता तेवढीच, पण सिनेमा तिथेच संपला असता, आणि जमीनदाराची खोटी वहीही आपण विसरलो असतो.

इथे 'अमर अकबर अँथनी' माझ्या अंगावर येणार, ठाऊक आहे. १९७७च्या या सिनेमात आई भारती झाडाची फांदी पडून आंधळी होते, ते चालतं. पण साईबाबांच्या मंदिरात तिची नजर परत येते, त्याचं काय? गंमत म्हणजे पार्वती आणि भारती, दोघी निरूपा रॉयच. माझं म्हणणं असं की मनमोहन देसाई प्रेक्षकाशी आधीच करार करतात. सुरुवातीलाच तीन ताटातूट झालेली मुलं, न ओळखता, एकाच वेळी एकाच आईला रक्त देतात. इथे योगायोग हाच कायदा आहे, हे सुरुवातीच्या भागातच कळतं. ज्याला असा खेळ मांडायचा त्याने खुशाल मांडावा. पण पगार, वीज आणि सरकारी तारखांचा हिशेब मांडणाऱ्या कथेने शेवटच्या पानावर कायदा बदलू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एक मित्र म्हणाला, "म्हणजे तुझ्या कथेत अल्लाहच्या मदतीला जागाच नाही?" आहे. पण मदत आणि लेखकाचा आळस यांत फरक करा. नशिबाने दार उघडलं तरी आत पाऊल टाकायचं की नाही हे नायकाने ठरवावं, आणि त्या पावलाची किंमतही त्यानेच द्यावी.

ओळखायची माझी रीत साधी आहे. योगायोगाच्या वाक्यावर बोट ठेवून ते झाका. ते नसतं तर नायकाची अडचण कमी झाली असती, तर वाक्य राहू द्या. ते नसल्यामुळे नायक अडकूनच पडत असेल, तर ते काढा आणि आधीच्या पानांकडे वळा. फक्त पहिल्या पानावर म्हातारा दाखवून ठेवल्याने भागत नाही. त्याने योगायोगाची आगाऊ सूचना मिळते, मुलीचं काम झालेलं नसतं.

त्या कथेच्या आधीच्या पानांत उत्तर होतंच. एके ठिकाणी मुलगी अब्बांच्या मजुरीचा हिशेब करते आणि मुनीमजींनी दोन आठवडे मीटर कमी धरलेत, हे सगळ्यांसमोर सिद्ध करते. पुढे लेखिका हा प्रसंग विसरून गेली. आता वीज जाऊ द्या, म्हातारा काढून टाका. मोहल्ल्यात इन्व्हर्टरवर चालणारा संगणक एकाच ठिकाणी आहे, त्याच मुनीमजींच्या खोलीत. मुलीला त्या दारात जावं लागेल. मुनीमजी म्हणतील, "बस, भर अर्ज. पण तो हिशेब आता विसरायचा." ती काय करेल? अब्बांची दोन आठवड्यांची मजुरी सोडेल, की शिष्यवृत्ती? की तिसरी वाट काढेल? मला उत्तर माहीत नाही. पण ते त्या मुलीने द्यायचं आहे, आणि मला ते वाचायचं आहे.

बक्षीस मिळालेली कथा शाळेच्या फलकावर लागली. यंत्रमाग कामगारांच्या मुलांनी ती वाचली. मुनीमजींचा हिशेब चुकवता येतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. कुठला तरी साहेब रस्त्यात भेटतो, एवढं राहिलं असेल. माझं मत तेव्हाही विरोधात होतं, आजही आहे.