खाण बंद, भाडे चालू: रॉयल्टीच्या हिशेबातली तीन उत्तरे

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे तो वालुकाश्माचा. हाच दगड आसपासच्या खाणींतून निघतो आणि त्याची फिकट हिरवट जात बाजारात ‘ग्वालियर मिंट’ या नावाने विकली जाते. बी.कॉम.च्या पहिल्या पायरीवरच्या मुलामुलींना रॉयल्टीचे प्रकरण कोरडे वाटते, म्हणून या वेळी ते आपल्याच दगडाच्या खाणीवर मांडून पाहू.

खाण एकाची आणि दगड काढणारा दुसरा, असे असले की काढलेल्या प्रत्येक टनामागे मालकाला ठराविक रक्कम मिळते. ती रॉयल्टी, मराठीत स्वामित्वधन. पण खाण घेणाऱ्याने वर्षभर काम बंद ठेवले तर मालकाच्या हाती काय? म्हणून करारात एक तळाची रक्कम लिहितात: दगड निघो न निघो, एवढे द्यायचेच. हे किमान भाडे. यालाच डेड रेंट म्हणतात आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या सरकारी हिंदी कागदांत ‘अनिवार्य भाटक’.

समजा, एका खाणीची रॉयल्टी टनाला १०० रुपये आणि किमान भाडे वर्षाला ३,००,००० रुपये आहे. म्हणजे ३,००० टनांच्या खाली उत्पादन गेले की रॉयल्टी भाड्यापेक्षा कमी पडते. ही जी तूट आपण खिशातून भरतो, ती शॉर्ट वर्किंग्ज. पुढच्या चांगल्या वर्षात जादा झालेल्या रॉयल्टीतून ही तूट वळती करून घेणे म्हणजे रिकूपमेंट. (आकडे सोपे जावेत म्हणून कल्पित घेतले आहेत.)

आपल्या करारात अट आहे, ‘कोणत्याही वर्षाची तूट त्यापुढील दोन वर्षांत वळती करता येईल.’ चार वर्षांचा हिशेब असा होतो:

| वर्ष | टन | रॉयल्टी | तूट | वळती | बुडाली | मालकाला दिले |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | १,८०० | १,८०,००० | १,२०,००० | – | – | ३,००,००० |
| २ | २,६०० | २,६०,००० | ४०,००० | – | – | ३,००,००० |
| ३ | ३,७०० | ३,७०,००० | – | ७०,००० | ५०,००० | ३,००,००० |
| ४ | ३,९०० | ३,९०,००० | – | ४०,००० | – | ३,५०,००० |

तिसऱ्या वर्षी रॉयल्टी भाड्यापेक्षा ७०,००० ने जास्त आहे, म्हणून तेवढीच तूट वळती होते. त्याहून जास्त वळती केली तर मालकाला किमान भाड्यापेक्षा कमी मिळेल, आणि ते करारात बसत नाही. ही ७०,००० पहिल्या वर्षाच्या तुटीतून घेतली. तिथे उरलेल्या ५०,००० ची मुदत तिसऱ्या वर्षाअखेर संपली, ती रक्कम बुडाली. चौथ्या वर्षी जादा रॉयल्टी ९०,००० आहे, पण वळती करायला दुसऱ्या वर्षाचे ४०,०००च शिल्लक आहेत.

इथे क्रम महत्त्वाचा. जुनी तूट आधी वापरायची, कारण तिची मुदत आधी संपते. तिसऱ्या वर्षी कुणी आधी दुसऱ्या वर्षाचे ४०,००० आणि मग पहिल्याचे ३०,००० घेतले, तर पहिल्या वर्षाचे ९०,००० बुडतील आणि चौथ्या वर्षी हाती काहीच उरणार नाही.

आता नोंदी. पहिल्या वर्षी रॉयल्टी खाते १,८०,००० ने आणि शॉर्ट वर्किंग्ज खाते १,२०,००० ने नावे, मालकाचे खाते ३,००,००० ने जमा. रॉयल्टी टनावर आहे, म्हणून ती उत्पादनाचा खर्च. विक्रीवर असती तर विक्रीखर्च झाली असती. तूट मात्र अजून खर्च झालेली नाही. ती परत मिळण्याची आशा आहे, म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसते. तिसऱ्या वर्षी रॉयल्टी ३,७०,००० ने नावे, मालक ३,००,००० ने आणि शॉर्ट वर्किंग्ज ७०,००० ने जमा. त्याच वर्षी बुडालेले ५०,००० शॉर्ट वर्किंग्ज खात्यातून काढून नफा-तोटा खात्याला नावे टाकायचे. ही शेवटची नोंद राहून गेली तर मेलेली रक्कम ताळेबंदात जिवंत दिसत राहते.

उत्तर बरोबर आले का, हे एका ओळीत कळते. चार वर्षांची रॉयल्टी १२,००,०००, दिलेली रक्कम १२,५०,०००. फरक ५०,०००, म्हणजे नेमकी बुडालेली तूट. मुदतीतली तूट अजून शिल्लक असेल तर तीही या फरकात धरायची. एवढे करूनही फरक जुळला नाही, तर तक्त्यात कुठेतरी चूक आहे.

आता करारातले एकच वाक्य बदलू: ‘तूट कराराच्या पहिल्या तीन वर्षांतच वळती करता येईल.’ तिसऱ्या वर्षी ७०,००० वळते झाले की उरलेले सगळे ९०,००० त्याच दिवशी बुडतात, दुसऱ्या वर्षाचे ४०,०००सुद्धा. चौथ्या वर्षी पूर्ण ३,९०,००० द्यावे लागतात आणि एकूण देणे १२,९०,००० होते. टन तेच, दर तोच, तरी ४०,००० जास्त. म्हणून गणित सोडवायला घेण्याआधी मुदत प्रत्येक तुटीपासून मोजायची आहे की कराराच्या सुरुवातीपासून, ते वाचून अधोरेखित करावे. या प्रकरणातले गुण बहुधा तिथेच जातात.

तिसरे उत्तर सरकारी खाणपट्ट्याचे आहे आणि ते पुस्तकातल्या गणितांत सहसा येत नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात कलम ९अ प्रमाणे रॉयल्टी किंवा डेड रेंट, यांतली जी रक्कम जास्त ती द्यायची. इमारतीचा दगड हे गौण खनिज. त्याचे नियम राज्य सरकार करते, पण कलम १५(३) मध्ये तत्त्व हेच आहे. तूट पुढच्या वर्षात नेण्याची तरतूद या कलमांत नाही. स्प्रेडशीटमध्ये हा सगळा नियम एका ओळीत मावतो:

```
=MAX(B2*100,300000)
```

या सूत्राला मागचे वर्ष आठवावे लागत नाही, खाजगी कराराच्या तक्त्याला मात्र प्रत्येक तुटीचे वय सांभाळावे लागते. आपल्याच आकड्यांवर सूत्र चालवले तर ३,००,०००, ३,००,०००, ३,७०,००० आणि ३,९०,०००, एकूण १३,६०,००० येतात. पूर्ण १,६०,००० ची तूट त्या त्या वर्षीच खर्ची पडते. इथे शॉर्ट वर्किंग्जचे खाते उघडणेच चूक, कारण परत न मिळणारी रक्कम मालमत्ता होत नाही.

रॉयल्टी म्हणजे कर का, हा प्रश्नही अनेक वर्षे न्यायालयांत होता. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की रॉयल्टी हा कर नाही, ती खनिजाच्या हक्काबद्दल पट्टेदाराने द्यायचा मोबदला आहे. आपल्या नोंदींतही ती करांच्या रांगेत नाही, उत्पादनखर्चात बसते.

सरावासाठी एक प्रश्न. पाचव्या वर्षी २,००० टन आणि सहाव्या वर्षी ३,४०० टन दगड निघाला, तर तिन्ही अटींखाली सहा वर्षांत मालकाला एकूण किती मिळेल? उत्तर काढल्यावर रॉयल्टी, दिलेली रक्कम आणि तूट यांचा फरक जुळवून बघा.