नळी काढायची कधी?

मागच्या महिन्यात तामसीच्या आमच्या काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. मी नर्स, म्हणून घरचे फोन मलाच. ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी 3 दिवसांनीही तशीच होती. "राहू दे गं, उठायचा त्रास नको," काकू म्हणाल्या.

ही सोयच महागात पडते. नळीच्या कडेनं जंतू मूत्राशयात चढतात आणि प्रत्येक दिवसागणिक धोका वाढतो. शिवाय एक्स-रेला नेताना पिशवी काकांच्या पोटावर ठेवली होती. त्यानं साचलेली लघवी उलटी आत जाऊ शकते. पिशवी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. नळीचा जोड उगाच सोडायचा नाही.

भावाला म्हटलं, "डॉक्टर राउंडला आले की विचार, आज नळी लागतेच का?" लघवी अडली असेल किंवा तासातासाला मोजायची असेल तर लागते, अंथरूण ओलं होऊ नये एवढ्यासाठी नाही. नळी त्याच दिवशी निघाली. 6 तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट फुगलं तर लगेच सिस्टरला सांगायचं ठरलं. काकांना 4 तासांत झाली.

नुसती गढूळ लघवी म्हणजे संसर्ग नव्हे. थंडी-ताप, ओटीपोटात दुखणं, म्हाताऱ्या माणसाचं अचानक बरळणं दिसलं तर मात्र थांबू नका, नळी निघून एक-दोन दिवस झाले असले तरी.