हरलेल्या डावांची वही

रायपूरच्या बुढापारा भागात, बूढा तालाबापासून जवळच राहणारे एक मराठी गृहस्थ कचेरीतून परतल्यावर रोज एक तरी डाव बुद्धिबळ खेळतात. वय पंचेचाळीसच्या पुढे. गेली काही वर्षे त्यांनी डावाच्या आरंभीच्या चालींची पुस्तके आणून पाठ केली, पण हरण्याचे प्रमाण तेच राहिले. अखेर त्यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि आपल्याच हरलेल्या डावांची एक वही घातली. प्रौढ वयात छंद म्हणून खेळणाऱ्यासाठी हाच मार्ग अधिक फलदायी आहे, असे म्हणावयास पुरेसा आधार आहे.

त्यांच्या वहीतील तीन डाव पाहण्यासारखे आहेत. पहिल्यात पांढरी मोहरी त्यांची होती. वजिराच्या पुढचे प्यादे दोन घरे, मग उंट जी-५ वर आणि तिसऱ्या चालीत राजापुढील प्यादे ई-३ वर. काळ्याने सी-६ वर प्यादे ढकलून वाट मोकळी केलेलीच होती. त्याचा वजीर ए-५ वर आला. राजाला शह आणि त्याच ओळीत जी-५ वरच्या उंटावरही मारा. ई-३ चे प्यादे पुढे आले नसते, तर उंट डी-२ वर परतून शह अडवू शकला असता. परतीची वाट त्यांनी स्वतःच्याच हाताने बंद केली होती.

दुसऱ्या डावात ते काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते. राजासमोरचा एफ-७ चा बंदोबस्त उठला होता आणि सी-५ वर एक उंट कुणाच्याही आधाराविना उभा होता. पांढऱ्या वजिराने एच-५ वरून शह दिला, जी-६ चे प्यादे मध्ये घातल्यावर पाचव्या आडव्या ओळीतून सरळ उंट उचलला. तिसरा डाव मध्यावर आलेला, राजा जी-८ वर सुरक्षित वाटत होता. वजिराचा शह बी-३ वरून आला आणि बी-६ वरचा एकाकी उंट गेला.

पहिल्या दिवशी त्यांनी या तीन डावांपुढे तीन निरनिराळी कारणे लिहिली होती: ‘आरंभ चुकला’, ‘प्यादे उगाच ढकलले’, ‘घाई झाली’. तीन निराळी कारणे म्हटली की तीन निराळे उपाय शोधावे लागतात आणि त्यातला एकही लागू पडत नाही. शेजारी-शेजारी ठेवून वाचल्यावर मात्र चूक एकच निघाली. आधार नसलेले मोहरे आणि राजाकडे जाणारी उघडी वाट, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पटावर असताना त्यांनी वजिराचा शह शोधलाच नव्हता. खेळलेली चाल लिहिणे पुरेसे नसते. त्या क्षणी मनात काय होते आणि काय नव्हते, तेही लिहावे लागते.

म्हणूनच डाव संपल्यावर लगेच संगणकाकडे धावणे हिताचे नाही. संगणक नेमकी कोणती चाल वाईट हे क्षणात सांगतो. ती का खेळली गेली हे त्याला ठाऊक नसते. आधी स्वतः, शक्य तर त्याच संध्याकाळी, पलटलेला क्षण शोधून दोन ओळी लिहाव्यात. घड्याळ लावून खेळत असल्यास उरलेली मिनिटेही टिपावीत. संगणकाची तपासणी त्यानंतर. अनेकदा असे आढळते की ज्या चालीने उंट गेला तिच्या आधीच्या चालीत खरा घोटाळा होता. खातेपुस्तकात ताळा चुकला की बेरजेपेक्षा मागची नोंद पाहावी लागते, हे बँकेतील मंडळींना वेगळे सांगावयास नको.

मास्टर पातळीवरही ही चूक घडते. १९८४ साली जॉर्जेविच विरुद्ध कोवाचेविच हा डाव वर दिलेल्या पहिल्या डावासारखाच तीन चालींत संपला. आणि स्वतःचे डाव तपासण्याचे फळ पाहायचे तर मिखाईल बोत्विनिक यांचे उदाहरण आहे. १९६० मध्ये तरुण तालकडून जगज्जेतेपद गमावल्यावर त्यांनी त्या सामन्याचे डाव बारकाईने तपासले, आणि १९६१ च्या फेरसामन्यात वयाच्या ४९ व्या वर्षी १३ विरुद्ध ८ गुणांनी ते परत मिळवले. व्यवसायाने ते विद्युत अभियंता होते.

या वहीलाही मर्यादा आहे. तीन-चार डावांवरून निदान काढणे धोक्याचे. निदान पंधरा-वीस तरी हवेत. शिवाय जिंकलेल्या डावातही तीच चूक दडलेली असते, फक्त प्रतिस्पर्ध्याने ती पाहिलेली नसते. तेव्हा अधूनमधून जिंकलेला एखादा डावही वहीत यावा. बुढापाऱ्यातील गृहस्थांनी आता वहीच्या मुखपृष्ठाच्या आत एकच प्रश्न लिहून ठेवला आहे: ‘माझे कोणते मोहरे निराधार आहे आणि मला शह कुठून बसतो?’ चाल करण्यापूर्वी ते तो मनात वाचतात. उंट अजूनही कधीकधी जातो, पण अलीकडे त्याची कारणे वेगळी आहेत, आणि ती वहीत नव्या पानावर सुरू झाली आहेत.